अंकात की अक्षरात? पानशेतचे एक उत्तर

पानशेतच्या पुरावर लिहायचे आहे. एकजण लिहितो, ‘१२/७/६१ ला २ धरणे फुटली.’ दुसरी लिहिते, ‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही दोन धरणे फुटली.’

मला दुसरे वाक्य पटते. तारखेला अंकच हवेत, कारण ‘एकोणीसशे एकसष्ट’ वाचताना नजर अडखळते. पण महिना अक्षरात आणि वर्ष पूर्ण लिहावे. तिरप्या रेघांत ७ डिसेंबरही वाचता येतो. ‘दोन धरणे’, ‘तीन कारणे’ अशा लहान मोजण्या मात्र अक्षरातच शोभतात.

माप आले की पारडे फिरते. ‘किमी’सारख्या संक्षेपाआधी अंकच लिहावा: ‘५ किमी’. ‘अडीच किलोमीटर’ निबंधात छान (आपल्या भाषेची ती श्रीमंतीच), पण भूगोलात शेजारी ३.७५ किमी असेल तर तिथे ‘२.५ किमी’च लिहावे, म्हणजे तुलना चटकन होते.

दोन संख्या लागून आल्या तर खरी पंचाईत. ‘३ ५० मीटरच्या भिंती’ हे घाईच्या अक्षरात ‘३५० मीटर’ दिसते. तिथे संख्या अक्षरात, माप अंकात: ‘तीन ५० मीटरच्या भिंती’. किंवा सरळ ‘प्रत्येकी ५० मीटरच्या तीन भिंती’.