सोलापूरचा कांदा: गेल्या वर्षीचा भाव बघून लावायचा, ठरलेलं क्षेत्र धरायचं, की लोकांच्या उलट जायचं?

मृगाचा पाऊस झाला की बार्शी, माढा, मोहोळ, करमाळा या पट्ट्यात कांद्याचं रोप किती टाकायचं याची चर्चा सुरू होते. ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: गेल्या डिसेंबरात काय भाव लागला होता? चांगला लागला असेल तर दोन एकरांचे तीन होतात. मार खाल्ला असेल तर निम्मं क्षेत्र सोयाबीनला किंवा तुरीला जातं. एकट्याचा म्हणून हा विचार बरोबरच वाटतो. पण हजारो शेतकरी त्याच आठवड्यात तोच विचार करतात, आणि त्यातूनच पुढचा डिसेंबर बिघडतो.

अर्थशास्त्रात याला कॉबवेब चक्र म्हणतात, म्हणजे कोळिष्टकाचं चक्र. मागणीची आणि पुरवठ्याची रेघ कागदावर काढून दरवर्षीचा भाव आणि आवक जोडत गेलं की दोन रेघांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखा चौकोनी भोवरा तयार होतो. हे नाव १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी दिलं. त्याचं मूळ कारण साधं आहे: लावण्याचा निर्णय आणि विकण्याचा दिवस यांच्यात चार-पाच महिने जातात, आणि एकदा लावल्यावर आवक बदलता येत नाही.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण घडतं असंच. समजा बाजारात रोज १०० गाड्या आल्या तर भाव १,५०० रुपये क्विंटल निघतो. एक गाडी जास्त आली की ४० रुपये उतरतात, एक कमी आली की ४० चढतात. शेतकऱ्यांचा स्वभाव असा धरू, की भाव १,५०० च्या वर शंभर रुपयांनी गेला तर पुढच्या वर्षी दोन गाड्यांचं क्षेत्र वाढतं, खाली गेला तर तेवढंच घटतं.

एका वर्षी परतीच्या पावसानं कांदा सडला आणि ८० गाड्याच आल्या. भाव गेला २,३०० वर. पुढच्या वर्षी लागवड वाढली, ११६ गाड्या आल्या, भाव ८६० वर आपटला. घाबरून लागवड घटली, सुमारे ८७ गाड्या आल्या, भाव २,०१२. मग पुन्हा सुमारे ११० गाड्या आणि १,०९०. मग सुमारे ९२ गाड्या आणि १,८२८. पाऊस एकदाच बिघडला होता. नंतरचे चार झोके आपल्याच लागवडीनं दिले.

इथे झोका हळूहळू लहान होतोय. लोक आणखी उतावीळ असते, शंभर रुपयांमागे दोनऐवजी तीन गाड्यांचं क्षेत्र हललं असतं, तर ८६० च्या जागी ५४० दिसले असते आणि त्यानंतर २,६५२. म्हणजे झोका वाढत गेला असता. कांद्यात हा धोका जास्त आहे, कारण भाव निम्मा झाला म्हणून घरातलं माणूस दुप्पट कांदा खात नाही. आवक थोडी वाढली तरी भाव फार उतरतो.

याच चार वर्षांत तीन शेतकरी घ्या. तिघांनी एकूणात वेगळं काही केलेलं नाही: प्रत्येकानं चार वर्षांत आठच एकर लावले, एकरी १०० क्विंटल काढले, आणि काढणी, बारदाना, भाड्यासह एकरी ९०,००० रुपये खर्च केले. फरक फक्त कोणत्या वर्षी किती लावलं याचा.

| वर्ष व भाव (रु. क्विंटल) | भावामागे धावणारा | दरवर्षी ठरलेलं क्षेत्र | उलट जाणारा |
|---|---|---|---|
| पहिलं, ८६० | ३ एकर | २ एकर | १ एकर |
| दुसरं, २,०१२ | १ एकर | २ एकर | ३ एकर |
| तिसरं, १,०९० | ३ एकर | २ एकर | १ एकर |
| चौथं, १,८२८ | १ एकर | २ एकर | ३ एकर |
| सरासरी मिळालेला भाव | १,२११ | १,४४८ | १,६८४ |
| चार वर्षांचा नफा | २,४९,००० | ४,३८,००० | ६,२७,००० |

पहिल्या रकान्यातला शेतकरी आळशी नाही, कांदाही तितकाच चांगला पिकवतो. तरी त्याचा जास्तीत जास्त माल पडत्या भावात गेला. प्रत्यक्षात त्याचं नुकसान तक्त्यापेक्षा मोठं असतं. ज्या वर्षी सगळेच लावतात त्या वर्षी बियाणं महाग मिळतं, रोप विकत घ्यावं लागलं तर वाफ्यावरच बोली लागते, आणि लागवडीच्या बायकांची टोळी मिळवायला एकरी जास्त मोजावे लागतात. ९०,००० चा खर्च त्याच्या बाबतीत फुगतो, तोही भाव पडणार असतो त्याच वर्षी.

मग तिसरा रकाना बघून सरळ उलट जावं का? तक्ता तसं सांगतो, पण तक्त्यात दोन गोष्टी नाहीत.

पहिली गोष्ट भांडवल. भाव ८६० निघालेल्या वर्षानंतर तीन एकर लावायला २,७०,००० रुपये हातात हवेत. नेमकं तेव्हाच सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं आणि दुकानदाराची उधारी उभी असते. कर्जावर उलट जाणं हा जुगार होतो.

दुसरी गोष्ट निर्यात. कांदा महाग झाला की सरकार वरची बाजू कापतं. खालची बाजू मात्र त्याच जोरानं कुणी उचलून धरत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती सोलापुरात खरिपाची आवक भरात असताना, आणि उठली ४ मे २०२४ ला. तोवर खरीप आणि रांगडा दोन्ही कांदे विकून संपले होते. उलट जाणाऱ्याची कमाई ज्या तेजीच्या वर्षांवर उभी असते, तीच वर्षं अशी छाटली जातात. समजा २,०१२ ऐवजी बंदीमुळे ७०० च निघाले. तीन एकरवाल्याला ६०,००० चा तोटा, दोन एकरवाल्याला ४०,००० चा, एक एकरवाल्याला २०,००० चा. हे अन्यायाचं आहे, पण लागवड ठरवताना ते गृहीत धरावंच लागतं.

तुरीशी तुलना केली तर हा फरक नीट दिसतो. तूरही याच चक्रात सापडते. २०१५ मध्ये भाव १०,००० च्या वर गेले, पुढच्या खरिपात देशभर पेरा वाढला, आणि उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेलं. भाव ५,०५० च्या हमीभावाखाली उतरले. पण तिथे निदान हमीभाव होता, खरेदी केंद्रासमोर रांग लावता येत होती, आणि तूर पोत्यात भरून थांबताही येत होतं. खरिपाच्या कांद्याला यातलं काहीच नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, म्हणून त्याची आवक पसरते. खरिपाच्या आणि रांगड्या कांद्यात पाणी जास्त असतं, तो काढला की काही आठवड्यांत विकावाच लागतो. सोलापूरच्या बाजारात मुख्य आवक याच कांद्याची. म्हणून इथे झोका जास्त लागतो.

आणि खाली गेल्यावर किती खाली जातं तेही बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला सोलापुरात किलोला १ रुपया मिळाला. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टी राहिली २ रुपये ४९ पैशांची. भाव पडला तरी पिशवी, काटा आणि गाडीचं भाडं पडत नाही. भाव ठरावीक पातळीखाली गेला की काढणी करणं हाच वेगळा तोटा होतो.

माझं मत विचाराल तर कर्जावर शेती करणाऱ्यानं मधला रकाना धरावा: पाणी आणि मजूर यांना झेपेल तेवढं क्षेत्र, दरवर्षी तेच. ज्याच्याकडे एका हंगामाचा खर्च गाठीला आहे त्यानं त्या ठरलेल्या क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्याएवढा कल उलट बाजूला द्यावा, म्हणजे दोन एकरांत अर्धा एकर कमी-जास्त. दीडपटीनं वाढवायच्या भानगडीत कुणीही पडू नये.

कल कोणत्या बाजूला द्यायचा हे गेल्या वर्षीच्या भावावरून नको, यंदाच्या लागवडीवरून ठरवावं. जूनमध्ये दुकानात बियाण्याला मागणी कशी आहे, भाव काय आहे, हे पहिलं लक्षण. कांद्याचं बी वर्षभरानंतर नीट उगवत नाही, त्यामुळे दुकानदार ते साठवून ठेवत नाही. बियाणं अचानक महागलं म्हणजे एक तर लोक तुटून पडलेत, नाही तर गेल्या हिवाळ्यात डोंगळेच कमी लागले होते. यातलं कोणतं, ते दोन-तीन गावांत वाफे मोजून कळतं. सगळीकडे वाफे दिसले तर गर्दी आहे. वाफे कमी आणि बियाणं तरी महाग असेल, तर बियाण्याचाच तुटवडा आहे आणि पुढची आवक आपोआप कमी राहील. दुसरं लक्षण कर्नाटकातली लागवड. विजयपूर, बागलकोट, गदग भागातला खरीप कांदा आपल्या आधी निघतो, आणि तिकडे सप्टेंबरात पाऊस कसा झाला यावर आपल्या नोव्हेंबरचा भाव बराच अवलंबून असतो.

भाव बघतानाही एक चूक सर्रास होते. डिसेंबर २०१९ मध्ये सोलापुरात क्विंटलला २०,००० रुपये निघाल्याची बातमी देशभर गेली. तो कमाल दर होता, निवडक मालाच्या थोड्या पिशव्यांचा. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. हिशेब सर्वसाधारण दराचाच धरायचा. शिवाय तो भाव जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आणि पावसानं निम्म्यावर आलेल्या पिकाचा होता. तो बघून ज्यांनी डिसेंबरात लागवड केली, त्यांचा कांदा निघाला एप्रिलमध्ये, वेगळ्याच बाजारात.

शेवटी टप्प्यांविषयी. दोन एकर एकदम लावू नयेत, पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं तीन टप्पे करावेत. पहिले दोन ठरल्याप्रमाणे जाऊ द्यावेत. वाढवायचं किंवा कमी करायचं ते तिसऱ्या, रांगड्याच्या टप्प्यात, कारण त्याची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि तोवर कर्नाटकातला पाऊस, आसपासची लागवड आणि चाळीतला शिल्लक कांदा या तिन्ही गोष्टी डोळ्यासमोर असतात. त्या टप्प्याचं रोप पूर्ण क्षेत्राचं टाकावं. एकराला तीन-चार किलो बी लागतं. गर्दी दिसली तर अर्धं रोप सहा-सात आठवड्यांचं व्हायच्या आत विकून टाकावं. गर्दीच्या वर्षी रोपाला गिऱ्हाईक भरपूर असतं.