कंपोस्टचा डबा, 11 महिन्यांनी: डबा बरा, नळ मात्र वैताग

ऑगस्टात शेजारच्या सुनेनं दार वाजवून विचारलं, "काकू, तुमच्या गॅलरीत उंदीर-बिंदीर मेलाय का हो?" त्याच रात्री मी या डब्याला एक स्टार देऊन मोकळी होणार होते.

आधी कंपनीला फोन केला. उत्तर एकच: "मॅडम, पावडर वाढवा." म्हणजे पुन्हा पैसे. वाढवली, तर वासही वाढला. शेवटी रविवारी जुनी ताडपत्री अंथरून अख्खा डबा उपडा केला. वरचा थर ठीक होता, मधे काळा चिकट गोळा आणि जाळीखाली दोन बोटं काळं पाणी. नळ बसवलाय तळापासून अर्धा इंच वर! तेवढं पाणी कधी निघणारच नाही. वर नळाच्या तोंडाशी चहाचा चोथा अडकलेला. साचलेल्या पाण्यात हवा नाही, मग सडक्या अंड्यांचाच वास येणार. आणि ती पावडर म्हणजे मुख्यतः नारळाचा भुसा. तो स्पंजासारखा पाणी धरून दबून बसतो, म्हणजे उरलीसुरली हवाही मीच कोंडली होती.

डब्याच्या मागच्या बाजूला वीट सारली, की सगळं पाणी नळाकडे येतं. नळ आठवड्याला खराट्याच्या काडीनं टोचते. भुशाऐवजी ओळखीच्या चटणीवालीकडून शेंगांची टरफलं आणली, पोतंभर, फुकट. ती दबत नाहीत, मधे पोकळी राहते. वाटीभर ओल्या कचऱ्याला दोन वाट्या टरफलं आणि लिंबाचा वाळका पाला, आठवड्यातून दोनदा तळापर्यंत काठी. डब्यातला कचरा मुठीत दाबला की एखादा थेंब यावा. धार लागली तर सुकं घाला. पाच-सहा दिवसांत वास गेला.

तेव्हा वाटलं, टरफलं हाच सगळ्यावर उपाय. नाही. थंडीत मेथी-शेपूच्या काड्या ढिगानं पडल्या आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. पाणी नव्हतं, मूठही बरोबर होती. हा अमोनिया, हिरवं जास्त, सुकं कमी. टरफल कुजायला फार वेळ घेतं, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही. चुरलेला पाला आणि फाडलेले पुठ्ठे घातले तेव्हा थांबला.

एप्रिलमध्ये उलटंच. वास अजिबात नाही, मी खूश! पण आत मुंग्या, आणि पंधरा दिवसांपूर्वीची साल जशीच्या तशी. आपलं सोलापूरचं ऊन, डबा आतून कोरडा ठक्क, कुजणं बंद. आता एक दिवसाआड तांब्याभर पाणी शिंपडून हलवते, वर ओलं गोणपाट. या दिवसांत सुकंही निम्म्यावर आणलंय.

खत चांगलं निघतं, मातीचा वास येतो. टरफलं अख्खी राहतात, ती चाळून परत डब्यात टाकते, सोबत मूठभर तयार खत. पावडर पुन्हा विकत घेतली नाही.

तीन स्टार. नळ अर्धा इंच खाली असता तर चार दिले असते. वीट माझी आहे.