गॅमा चार्टचं सबस्क्रिप्शन: आकडा बरा, रंग अंदाजपंचे

निफ्टीचा डीलर गॅमा, म्हणजे भाव हलला की ऑप्शनमध्ये गिऱ्हाइकासमोर उभ्या डीलरला हेज किती बदलावं लागेल ते, दाखवणारं हे टूल बरेच महिने वापरतोय. डेटा वेळेवर येतो, स्क्रीन अडकत नाही. माझं भांडण आहे ते हिरव्या-लाल रंगाशी.

हिरवा म्हणजे डीलर लाँग गॅमा. समजा निफ्टी 25000 वर आहे, एक्स्पायरीला एक दिवस उरलाय आणि डीलरने 25000 चे 1000 लॉट कॉल घेऊन ठेवलेत. निफ्टी एक पॉइंट हलला तर ऑप्शनचा भाव किती हलतो तो डेल्टा, आणि त्या एका पॉइंटमागे डेल्टा किती बदलतो तो गॅमा. व्होलॅटिलिटी 12 टक्के धरली तर गॅमा साधारण 0.002 येतो. निफ्टी 50 पॉइंट चढला की डेल्टा 0.10 ने वाढतो, आणि हेज जुळवायला त्याला सुमारे 100 लॉट फ्युचर्स विकावे लागतात. 50 पडला तर तेवढेच घ्यावे लागतात. चढाला विक्री, उताराला खरेदी, त्यामुळे बाजार शांत. तेच कॉल त्याने विकलेले असतील तर चढताना खरेदी आणि पडताना विक्री, म्हणजे आगीत तेल. हा शॉर्ट गॅमा, टूलवरचा लाल.

सगळा खेळ घेतलेत की विकलेत यावर, आणि नेमकं तेच ओपन इंटरेस्टमध्ये, म्हणजे उघड्या सौद्यांच्या आकड्यात, दिसत नाही. हे टूल सरसकट धरतं की डीलरकडे कॉल लाँग, पुट शॉर्ट. हा हिशोब अमेरिकेतल्या एस अँड पी 500 चा. तिथे फंड शेअर्सवर कॉल विकतात आणि संरक्षणाला पुट घेतात. आपल्याकडे किरकोळ गिऱ्हाईक एक्स्पायरीला कॉलही घेतं, पुटही घेतं. समोरचा हेज करणारा असेल तर तो दोन्हीकडे शॉर्ट, आणि हिरवा दिवस मुळात लाल!

एका मंगळवारी हिरव्या पट्टीतच दुपारनंतर एकतर्फी पळापळ झाली तेव्हा सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ‘मॉडेल प्रमाणित आहे.’ कुठल्या बाजारासाठी, ते विचारल्यावर तिकीट बंद.

तेव्हाच एक तारा देणार होतो. पण रंग झाकून नुसते आकडे पाहायला लागलो आणि मत जरा बदललं. कुठल्या स्ट्राइकवर गॅमा साचलाय हे टूल बरोबर सांगतं. एक्स्पायरीला शेवटचे दोन तास उरले की त्या स्ट्राइकचा गॅमा आदल्या दिवसाच्या जवळपास पावणेदोन पट होतो, आणि दोनशे पॉइंट किंवा त्याहून लांबच्यांचा आटत जातो. तिथे निफ्टी चिकटेल किंवा तिथून उसळेल. दोन्हीपैकी काय, ते भावाच्या वागण्यावरूनच कळतं. प्रत्येक चढ दोन-तीन कँडलमध्ये परत येत असेल तर कोणीतरी लाँग गॅमा आहे. शिवाय बरेच विकणारे हेज करतच नाहीत, नुसता स्टॉपलॉस लावतात. तो लागेपर्यंत त्यांच्याकडून काहीच हालचाल नाही, आणि मग सगळी एकदम.

बातमीपुढे मात्र हे सगळं दुय्यम. 4 जून 2024 ला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास 6 टक्के पडला. अशा दिवशी गॅमा वेग वाढवेल किंवा कमी करेल, पडण्याचं कारण तो नाही.

नूतनीकरण करणार नाही. स्ट्राइकनिहाय ओपन इंटरेस्ट आणि आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली व्होलॅटिलिटी, एनएसईच्या ऑप्शन चेनवर फुकट आहेत, गॅमा एक्सेलमध्ये निघतो. क्लायंट, प्रो, एफआयआय कोण किती लाँग-शॉर्ट, तेही एनएसई रोज संध्याकाळी देतं, फक्त स्ट्राइकनिहाय नाही. ते जोडून दिलं असतं तर पैसे दिले असते. पाचपैकी अडीच.