सात महिने ओमेगाटी वापरल्यानंतर: सर्व्हर एक, अरबी शब्द दोन

मस्कतमध्ये बारा वर्षे काढून फोंड्याला परतल्यावर मी वेर्ण्याच्या एका कंपनीसाठी हॉटेलच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटिसंदेशांचे अरबी भाषांतर करू लागलो. आखाती ग्राहक पडद्याचे छायाचित्र पाठवतो आणि मी त्याखाली संदेशाचा अरबी अर्थ व उपाय लिहून देतो. चवथीच्या आधी त्या ग्राहकाकडून एक विचित्र प्रश्न आला. कंपनीच्या मुलाने मला फोन करून विचारले, "काका, यंत्रे दोन आहेत की एक?" एका संदेशात मी सर्व्हरला 'मुलक्किम' म्हटले होते, तर तीन दिवसांनी दुसऱ्यात 'खादिम'. दोन्ही शब्द बरोबर आहेत. पहिला जुन्या विंडोजच्या अरबीतला, दुसरा आजचा. वाचणाऱ्याने मात्र दोन वेगळी यंत्रे शोधली.

एका वस्तूला एकच शब्द राहावा म्हणून भाषांतराला मदत करणारे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले. सशुल्क सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी मला परवडणारी नव्हती, म्हणून मोफत मिळणारे ओमेगाटी घेतले. पहिल्या महिन्यात माझे मत वाईट होते, कारण ते छायाचित्रातला मजकूर वाचत नाही आणि प्रत्येक संदेश हाताने टंकावा लागे. एकदा तर टंकताना त्रुटिक्रमांक 0x80070005 मधील एक शून्य माझ्याकडून गळले. नंतर कळले की विंडोजची साधी संदेशचौकट समोर असताना Ctrl+C दाबले, की शीर्षक, संदेश आणि बटणे असा सगळा मजकूर नकलून घेता येतो. आता ग्राहक छायाचित्राबरोबर तो मजकूरही पाठवतो. कंपनीने स्वतः रंगवलेल्या चौकटींना ही युक्ती लागू पडत नाही. तेथे अजूनही टंकावेच लागते. तरीही माझा राग निम्म्याने उतरला, आणि तो मुळात ओमेगाटीवर असायलाच नको होता.

खरे काम करते ती ओमेगाटीतली शब्दसूची. ती साधी मजकूर-फाइल असते. टॅबने वेगळे केलेले तीन रकाने असतात आणि तिसऱ्यात टीप लिहिता येते. माझ्या फाइलचा एक तुकडा असा आहे:

```
server	خادم	ملقم नको
servers	خوادم	अनेकवचन
Cancel	إلغاء الأمر	बटण
cancel	إلغاء	आरक्षण रद्द करणे
```

पहिल्या ओळीत 'खादिम' घ्यायचा, 'मुलक्किम' नको, असे लिहिले आहे. तिसऱ्या-चौथ्या ओळीवर, म्हणजे 'इल्गा अल-अम्र' आणि नुसते 'इल्गा' यांवर, माझे दोन आठवडे गेले. हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये "हे आरक्षण रद्द करायचे आहे काय?" असा संदेश येतो आणि खाली होकाराच्या बटणाशेजारी रद्द करण्याचेही बटण असते. दोन्हीकडे 'इल्गा' लिहिले, तर आरक्षण रद्द होणार की रद्द करणे थांबणार हे ग्राहकाला कळत नाही. त्यातून आणखी एक गंमत अशी, की संदेश कंपनीच्या इंग्रजीत असला तरी साध्या चौकटीवरील बटणे विंडोज स्वतःच्या भाषेत लिहिते. ग्राहकाच्या अरबी विंडोजवर छायाचित्रात 'इल्गा अल-अम्र', म्हणजे आज्ञा रद्द, असे स्पष्ट दिसत होते. मी मात्र उपायात "इल्गा दाबा" असे लिहीत होतो, आणि त्या नावाचे बटण पडद्यावर नव्हतेच. तेव्हापासून बटणाचे नाव मी छायाचित्रातूनच जसेच्या तसे घेतो. ओमेगाटी दोन्ही ओळी समोर दाखवते, पण त्यांतली कोणती घ्यायची हे टीप वाचून मलाच ठरवावे लागते. त्या तिसऱ्या रकान्याला मी सुरुवातीला शोभेची वस्तू समजत होतो.

अनेकवचनाने मात्र मला अजूनही छळले आहे. जुने संदेश तपासताना मी Ctrl+F ने 'खादिम' शोधले. अरबीत उपपद व अव्यय शब्दाला पुढून चिकटतात, म्हणून 'अल-खादिम' आणि 'लिल-खादिम' आपोआप सापडले. पण अनेकवचन 'खवादिम' होते. शब्दाच्या पोटात एक अक्षर शिरते आणि अक्षरशः शोध त्याला ओलांडून जातो. सापडले नाही म्हणून मी तो संदेश चुकीचा मानला आणि बरोबर असलेला शब्द बदलून बसलो. गंमत म्हणजे टाकून दिलेल्या 'मुलक्किम'चे अनेकवचन 'मुलक्किमात', म्हणजे शेवटी जोडून होणारे. ते शोधात सहज येते. म्हणून सूचीत अनेकवचनाची वेगळी ओळ ठेवतो आणि शोधही दोनदा करतो. 'बरनामज' म्हणजे प्रोग्राम, त्याचे अनेकवचन 'बरामिज' होते, तेथेही तेच करावे लागते.

एवढे असूनही चुकीचा शब्द लिहिताना शब्दसूची माझा हात धरत नाही. ती बाजूच्या चौकटीत निमूट उभी राहते, आणि रात्री अकरा वाजता दिसूनही मी तिच्याकडे पाहत नाही. पैसे न घेणाऱ्या वस्तूवर एवढे चिडणे शोभत नाही, हे मला मान्य आहे. जुन्या संदेशांपैकी नऊ अजून दुरुस्त व्हायचे आहेत. त्यांचे पैसे मी कंपनीकडे मागितलेले नाहीत.