एकच नग, दोन गिऱ्हाइकं: वूकॉमर्सचं ‘होल्ड स्टॉक’ काही महिने वापरल्यावर

आम्ही येवल्याच्या पैठण्या ऑनलाइन विकतो. हातमागाच्या साडीचा तोच रंग, तोच पदर म्हणजे बहुतेक वेळा एकच नग. दोघींनी पैसे भरले तर दुसरीला पैसे परत करून वर बोलणीही खावी लागतात. म्हणून आमचं दुकान ज्या वूकॉमर्स सॉफ्टवेअरवर चालतं, त्यातली `Hold stock (minutes)` ही सेटिंग, म्हणजे पैसे येईपर्यंत माल ठरलेली मिनिटं राखून ठेवणारी आणि पैसे न आल्यास ऑर्डर आपोआप रद्द करणारी, दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत नीट लक्ष ठेवून वापरली.

साडी कार्टमध्ये टाकली म्हणून राखली जात नाही. आमच्या जुन्या पद्धतीच्या चेकआउटवर ‘Place order’ दाबलं की `wc_reserved_stock` या टेबलात मुदतीसह नोंद पडते. दोघींनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी नोंद एकीचीच होते. दुसरीला पैसे भरण्याच्या पानावर जाण्याआधीच माल शिल्लक नसल्याचं कळतं. दोन फोनवरून मुद्दाम करून पाहिलं. हे काम चोख आहे. मात्र उत्पादनाच्या पानावर ‘१ शिल्लक’ तसंच दिसत राहतं, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा सुरू: “ताई, साडी दिसतेय पण घेता का येत नाही?”

खरी डोकेदुखी मिनिटांची. मुळात ६० असतात. सणाच्या संध्याकाळी कुणी यूपीआयच्या पानावरून निघून गेलं की साडी तासभर अडकते. आम्ही १५ केली. मग एकदा असं झालं: ८:४० ला ऑर्डर, ८:५५ ला मुदत संपली, ८:५६ ला दुसऱ्या बाईंनी तीच साडी घेऊन पैसे भरले, आणि ८:५८ ला पहिल्या बाईंचे पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून आला. रद्द झालेली ऑर्डर पुन्हा ‘Processing’ झाली आणि साठा -१. हा उणे आकडा दिसला की समजायचं, एक नग दोनदा विकला गेलाय. उपाय गेटवेच्या बाजूला सापडला: तिथल्या पेमेंटची मुदत १० मिनिटं केली, इकडे १५ च ठेवली. तेव्हापासून उणे आकडा दिसलेला नाही, पण बँकेकडूनच निरोप उशिरा आला तर याचाही इलाज चालणार नाही.

ऑर्डर आपोआप रद्द होतात म्हणून वैतागून काही दुकानदार मिनिटांचा तो रकाना रिकामा ठेवतात. तसं केलं की राखीव ठेवणंच बंद पडतं. उत्पादनावर साठा मोजण्याची खूण नसेल किंवा बॅकऑर्डर, म्हणजे साठा संपल्यावरही ऑर्डर घेणं, चालू असेल, तरीही तेच.

बँक ट्रान्सफरची गोष्ट वेगळी. ती ऑर्डर ‘On hold’ मध्ये जाते, साठा लगेच वजा होतो आणि मुदतीचा नियम तिला लागतच नाही. पैसे आले नाहीत तर ऑर्डर हातानेच रद्द करायची. एका नगाच्या साड्यांना आम्ही तो पर्यायच काढून टाकलाय.