उघडी विहीर की लपवलेलं टाकं? वाळवंटी टोळी रचणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या आमच्या लिहिणाऱ्या मंडळींपैकी एकाची कल्पनारम्य कादंबरी सध्या एका प्रश्नावर अडली आहे. भटकी टोळी ठरली, नकाशा झाला, पाहुणचाराचे कडक नियमही सुचले; पण टोळीचं पाणी नेमकं कुठे आणि कुणाच्या ताब्यात, हे ठरेना. माझ्या मते आधी हेच ठरवावं. बाकीचे रिवाज त्यातूनच निघतात.

दोन पर्याय आहेत आणि दोन्हींना खरा आधार आहे. पहिला, सगळ्यांना ठाऊक असलेली खोल विहीर. दक्षिण इथिओपियातल्या बोराना लोकांच्या ‘तुला’ विहिरींत माणसं एकाखाली एक उभी राहून, गाणी म्हणत पाणी वर देतात. तिथे पाळी ठरवणारा खास माणूस असतो. विहीर ज्याच्या पूर्वजांनी खणली त्याच्याशी नातं किती जवळचं, यावर क्रम लागतो.

दुसरा पर्याय, लपवलेलं टाकं. इ.स.पू. 312च्या सुमाराच्या नबाती अरबांबद्दल डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार लिहितो, की ते जमिनीत टाकी खणत. तोंड अगदी अरुंद, आत मात्र ऐसपैस. पावसाचं पाणी भरलं की तोंड जमिनीसारखं बुजवायचं आणि ओळखीची खूण फक्त आपल्यालाच ठाऊक ठेवायची. अरुंद तोंडामागे गुप्ततेखेरीज आणखी एक कारण दिसतं. उष्ण वाळवंटात उघड्यावरचं पाणी वर्षाला दोन मीटरांहून जास्त उडून जाऊ शकतं. मे महिन्यात आपले कूलर किती पाणी पितात ते आठवा, म्हणजे अंदाज येईल.

आता दोन्हीकडे एकच काफिला पाठवून बघू. साठ उंट, बरेच दिवस तहानलेले. असा उंट एका दमात शंभरेक लिटर पिऊ शकतो, म्हणजे सहा हजार लिटर हवेत. विहिरीवर रहाट आणि तीस लिटरची मोट असेल तर दोनशे खेपा. खेपेला दोन मिनिटं धरली तरी साडेसहा तासांहून जास्त सलग ओढणं. विहिरीला झरा असेल तर पाणी पुन्हा चढतं. यजमानाचं खरं नुकसान होतं ते वेळेचं आणि मेहनतीचं. त्याचे स्वतःचे प्राणी तोवर उन्हात ताटकळत उभे. म्हणून इथला पाहुणचार रांगेत दिसतो: पाहुण्याला कितव्या नंबरावर घेतलं, मोट ओढायला कोण उतरलं, मेव्हण्याच्या आधी परक्याचा उंट प्यायला तर कोण चिडलं. भांडण, सोयरीक, जकात, सगळं या काठावर आपोआप येतं.

टाक्याचा हिशोब वेगळा. पाच मीटर लांब, पाच रुंद, चार खोल म्हणजे भरलेलं असताना एक लाख लिटर. असे काफिले सोळा-सतरा आले की तळ दिसला, आणि पुढचा पाऊस कधी ते कुणी सांगावं? शिवाय पाण्याबरोबर जागाही उघड होते. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधाल, पण साठ तहानलेल्या उंटांच्या मागाचं काय? त्यामुळे या टोळीत पाहुण्याला टाक्यावर नेणं हा गुन्हाच ठरायला हवा. त्याला तंबूत बसवायचं आणि पाणी पखालींतून तिथे आणायचं. चार माणसांना हे परवडतं, काफिल्याला नाही. मोठे काफिले मग टोळीच्या प्रदेशातून फुकट जाऊच शकत नाहीत. त्यांना टोळीतलाच एक सोबती मोल देऊन घ्यावा लागतो. अरबस्तानात अशा सोबत्याला ‘रफीक’ म्हणत. तो बरोबर असला की त्याच्या टोळीचा माणूस अंगावर येत नसे.

इथे बहुतेक लिखाण फसतं: पाहुणचार पवित्र म्हणून अमर्याद केला जातो. अरबस्तानातल्या भटक्या बेदुइन टोळ्यांमध्ये तीन दिवसांची मर्यादा सांगतात, आणि पोटात यजमानाचं अन्न असेपर्यंत संरक्षण. मर्यादा असली की प्रसंग घडतो. चौथ्या सकाळी पाहुण्याचा वैरी तंबूबाहेर उभा असेल तर? विहिरीवाला यजमान पाहुण्याला गर्दीत दुसऱ्या काफिल्यासोबत लावून देऊ शकतो. टाकेवाल्याला मात्र टाकं पाहिलेला माणूस सोडायचा की नाही, हेच ठरवावं लागतं.

वाटाही बदलतात. विहिरींची वाट पक्की, त्यामुळे नकाशावर रेघ ओढता येते, आणि शत्रूलाही ती वाचता येते: एक विहीर वाळूने बुजवली की मधला टप्पा तुटला. टाक्यांची वाट पावसावर आणि परवानगीवर हलते. परवानगी म्हणजे काय ते पाहायला लांब जायला नको. वर्धा-नागपूरकडे उंट घेऊन फिरणारे कच्छी रबारी खतासाठी कुणाच्या शेतात मेंढ्या बसवतात आणि बदल्यात काय ठरवतात, ते विचारा. वाट शेतकऱ्याच्या होकारावर किती अवलंबून असते ते कळेल.

कथेत बाजार, सोयरीक, न्यायनिवाडा हवा असेल तर विहीर घ्या. पाठलाग आणि वेढा हवा असेल तर टाकं. नबाती लोक मोठं सैन्य आलं की वाळवंटात शिरत, आणि मागे येणाऱ्याला पाणीच सापडत नसे. आमच्या मित्राच्या कादंबरीत लग्नं आणि तंटे भरपूर आहेत, म्हणून मी त्याला विहीरच सुचवली. टाकं एकच ठेव म्हटलं, वाटेपासून दोन दिवस आत, आणि त्याची खूण फक्त टोळीच्या एका म्हातारीला ठाऊक असू दे.