ठाण्यात १७ तास काढायचे आहेत: क्लोक रूम घ्यावी की रिटायरिंग रूम?

नागपूरहून कोकणात जाणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सहाच्या सुमारास ठाण्याला पोचते. कोकणकन्या रात्री ११:०५ ला सीएसएमटीहून सुटते आणि पावणेबाराच्या आसपास ठाण्याला येते. मधले १७ तासांहून जास्त काढायचे कुठे? सोबत आई असते, तीन बॅगा असतात, एखादं काम ठाण्यात उरकायचं असतं. ठाण्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना असे फोन सतत येतात, आणि ‘क्लोक रूम घेऊ की खोली घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते: तिकिटावर स्टेशन कुठलं आहे?

कारण रिटायरिंग रूमचं सगळं गणित पीएनआरवर चालतं. www.rr.irctctourism.com वर पीएनआर टाकला की त्या तिकिटावरचं सुरुवातीचं आणि शेवटचं स्टेशन समोर येतं आणि खोली त्या दोघांपैकी एका ठिकाणचीच घेता येते. मधल्या स्टेशनावर गाडी कितीही वेळ थांबली तरी तिथली खोली त्या तिकिटावर मिळत नाही. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं. वेटिंगवर चालत नाही. या प्रवासात दोन वेगळी तिकिटं असतात हे एका अर्थी बरंच आहे. पुढचं तिकीट वेटिंगमध्ये अडकलं असलं तरी आधीचं कन्फर्म असेल तर खोली त्या पीएनआरवर घेता येते, कारण जिथे थांबायचं ते त्या तिकिटाचं शेवटचं स्टेशन असतं.

म्हणून तिकीट काढतानाच दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेत नागपूर ते ठाणे आणि ठाणे ते कुडाळ अशी दोन तिकिटं. दुसऱ्या वाटेत नागपूर ते सीएसएमटी आणि सीएसएमटी ते कुडाळ. दुसरीत भाडं थोडं वाढेल, पण एक मोकळीक मिळते. येताना सीएसएमटीचं तिकीट असूनही ठाण्याला उतरायला कुणी अडवत नाही. उलट कोकणकन्येचं तिकीट ठाण्यापासूनचं असेल तर सीएसएमटीला किंवा दादरला चढता येत नाही. बोर्डिंग वेळेत बदलून पुढच्या स्टेशनावर नेता येतं, मागच्या नाही. कुठे चढायचं याची खात्री नसेल तर तिकीट सीएसएमटीपासूनचं काढावं आणि ठाण्याला चढायचं पक्कं झालं की बोर्डिंग ठाणे करून घ्यावं.

आता सामानाचं बघू, कारण बहुतेकांची खरी अडचण सामानच असते. झोप गाडीत झालेली असते.

क्लोक रूमचा दर प्रत्येक नगाला २४ तासांचा असतो आणि तो त्या त्या विभागाने ठरवलेला असतो, त्यामुळे खिडकीवरचा फलक वाचूनच पैसे द्यावेत. सीएसएमटी, दादर आणि एलटीटीला डिजिटल लॉकर आले तेव्हा एका बॅगेला २४ तासांसाठी ३० रुपये होते. त्या हिशेबाने तीन बॅगांचे ९० रुपये. सकाळी सात ते रात्री दहा म्हणजे पंधरा तास, पहिल्याच टप्प्यात बसतात. २४ तासांच्या वर थोडा वेळ गेला तरी पुढच्या दिवसाचं भाडं लागतं, पण या बेतात तो प्रश्न येत नाही. नग मोजले जातात, वजन नाही. तेव्हा सुटी पिशवी आणि लहान सॅक मोठ्या बॅगेत कोंबता आली तर थेट तेवढे पैसे वाचतात.

नियमांत सगळ्यात जास्त लोक अडतात ते कुलपावर. प्रत्येक नगाला कुलूप हवं, ते नसेल तर खिडकीवरूनच परत पाठवतात. ट्रॉली बॅगेला नंबरचं कुलूप असतं म्हणून निभावतं. सॅकचं तसं नसतं. सॅकच्या मुख्य कप्प्याच्या चेनला दोन ओढण्या असतात, दोन्हींच्या भोकांतून एकच बारीक कुलूप घालायचं. पुढच्या लहान खिशाला बऱ्याचदा एकच ओढणी असते, ती बंद करता येत नाही, म्हणून तो खिसा रिकामा ठेवायचा. दोरीने बांधलेली गाठोडी, तोंड उघडी राहणारी कापडी पिशवी आणि पुठ्ठ्याचा खोका घेतला जात नाही. स्टेशनबाहेर फेरीवाल्यांकडे लहान कुलूप मिळतं, पण सहाला उतरलेल्या माणसाला ते शोधत फिरायला लागू नये. दोन कुलपं घरूनच न्यावीत.

दुसरी अडचण खास नागपूरकरांची आहे: संत्र्यांची पेटी. क्लोक रूममध्ये खाण्याची, नाशवंत वस्तू ठेवू देत नाहीत आणि त्यामागे साधं कारण आहे, उंदीर. एका पेटीमुळे शेजारच्या चार बॅगा कुरतडल्या जातात. संत्री आणि बर्फी सोबत वागवावीच लागणार, तशी तयारी ठेवा. दागिने, रोकड, औषधं, चष्मा, कागदपत्रंही बॅगेत ठेवू नयेत. आईची दुपारची गोळी आत राहिली तर बॅग सोडवून घ्यावी लागते आणि पुन्हा ठेवताना पैसे नव्याने भरावे लागतात.

सामान देताना तिकीट आणि ओळखपत्र लागतं. मोठ्या स्टेशनांवर बॅगा आधी एक्स-रे मशीनमधून जातात आणि तसं झाल्याची खूण नसेल तर खिडकी पुन्हा मशीनकडे पाठवते. म्हणून आधी मशीन, मग खिडकी. पावती हातात पडली की लगेच तिचा फोटो काढावा. पावती हरवली तर बॅग आपलीच आहे हे लेखी बंधपत्र देऊन सिद्ध करावं लागतं आणि रात्री दहाला ती धावपळ गाडी चुकवू शकते. फोटोने बंधपत्र टळत नाही, पण नंबर आणि वेळ सांगता आली तर शोध सोपा होतो. आणि लॉकरला मापाची मर्यादा असते. मोठी ट्रॉली त्यात मावत नसेल तर ती क्लोक रूमच्या खिडकीवरच द्यावी लागते.

सामान कुठे ठेवावं, याचं माझं ठाम मत आहे: जिथे ठेवाल तिथूनच पुढची गाडी पकडा. सहाला ठाण्यात उतरून बॅगा घेऊन लोकलने दादर गाठायचं, सामान ठेवायचं, पुन्हा ठाण्यात यायचं आणि संध्याकाळी सामान आणायला परत दादर, हा बेत कागदावर बरा दिसतो. प्रत्यक्षात सकाळी साडेसातनंतर मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये ट्रॉली बॅग घेऊन चढणं अशक्य असतं आणि संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दादरहून ठाण्याकडे येणारी लोकल त्याहून वाईट. त्यापेक्षा विदर्भ एक्स्प्रेसमधूनच पुढे सीएसएमटीपर्यंत जावं, तिथे बॅगा ठेवाव्यात, मोकळ्या हाताने उलट्या दिशेच्या, म्हणजे सकाळी रिकाम्या असलेल्या लोकलने ठाण्याला यावं. अकराचं दवाखान्याचं काम उरकतं, दुपारी जेवण, हवं तर तलावपाळीला चक्कर. चार-साडेचारला निघालं तर परतीची लोकलही बरी मिळते. कोकणकन्या सीएसएमटीलाच लागत असल्याने आईला शांतपणे चढवता येतं. ठाण्यात गाडी काही मिनिटंच थांबते आणि त्यात तीन बॅगा आणि म्हातारं माणूस चढवायचं म्हणजे जीव टांगणीला लागतो. लांब पल्ल्याच्या तिकिटावर लोकलने फिरता येत नाही, लोकलचं वेगळं तिकीट काढायचं.

रिटायरिंग रूमचा हिशेब पैशांपेक्षा वेळेवर आधी तपासावा. साइटवर स्टेशननुसार १२ तास, २४ तास आणि काही ठिकाणी तासांवर खोली दाखवतात. जास्तीत जास्त ४८ तास. समजा तुम्हाला सकाळी ८ ते रात्री ८ हा स्लॉट मिळाला. गाडी सीएसएमटीला सातच्या सुमारास आली, म्हणजे तासभर वेटिंग रूममध्ये. रात्री आठला खोली सोडायची आणि गाडी सीएसएमटीहून ११:०५ ला, म्हणजे पुन्हा तीन तास सामान घेऊन बाहेर. १२ तासांचे पैसे भरूनही चार तास बॅगांपाशी बसणं सुटत नाही. गाडी चार तास उशिरा आली तर स्लॉट पुढे सरकत नाही, ते तास गेलेच. म्हणून खोली घेतली तरी शेवटच्या तीन तासांसाठी एक बॅग क्लोक रूममध्ये टाकावी लागेल का, हे आधीच ठरवावं.

खोलीचं भाडं स्टेशन, एसी आणि खाटांवर ठरतं. त्यावर आयआरसीटीसीचं सेवाशुल्क २४ तासांपर्यंत खोलीला २० रुपये, डॉर्मिटरीच्या खाटेला १० रुपये. रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि क्लोक रूम सेवेवरचा जीएसटी जुलै २०२४ पासून माफ आहे, तेव्हा रेल्वेच्या पावतीत तो जोडलेला दिसला तर विचारावं. बुकिंग रद्द करायला जितका उशीर तितकी कपात आणि राहण्याच्या दिवशी रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही. ताबा घेताना मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं आणि नाव त्या पीएनआरवर असायला हवं. आईच्या तिकिटावर खोली घेऊन आत भलतंच कुणी, असं चालत नाही.

डॉर्मिटरी स्वस्त असते, पण अनेक ठिकाणी ती फक्त पुरुषांसाठी असते. एकटा मुलगा मुलाखतीला आला असेल तर त्याला ही खाट उत्तम: अंघोळ, दोन तास पडणं, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर. आईसोबतच्या प्रवासात तिचा उपयोग नाही. तिथे प्रश्न सरळ आहे. आईला दिवसा आडवं व्हायलाच हवं असेल, गुडघे दुखत असतील, इन्सुलिन थंड ठेवायचं असेल, तर खोलीच घ्या आणि ती सीएसएमटीची घ्या, म्हणजे दोन्ही तिकिटं तिथली असू द्या. एसीतून आलेली, चालती-फिरती आई असेल, दिवसभर ठाण्यातली कामं असतील, तर क्लोक रूम पुरते आणि अंघोळ स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये सकाळी लवकर होते. आठनंतर तिथली रांग वाढते.

आणखी एक पर्याय म्हणजे, मुंबई सेंट्रलला आयआरसीटीसीने नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या लहान कप्प्यांचं हॉटेल, सुरू केलं, तेव्हा १२ तासांचे ९९९ रुपये दर होता. एकट्या माणसाला ते ठीक आहे, पण ते पश्चिम रेल्वेवर आहे. ठाण्याहून जाणाऱ्याला दादरला गाडी बदलावी लागते आणि बॅगांसह तो जिना दोनदा चढावा-उतरावा लागतो. १७ तासांच्या मुक्कामात मी ते सुचवत नाही.